आजींच्या रिपोर्टमधले ‘आर’

लघवीच्या कल्चरचा रिपोर्ट हातात आला की घरच्यांची नजर आधी ‘आर’वर जाते. एकाखाली एक चार-पाच ‘आर’ दिसले की घरात घबराट सुरू होते. 68 वर्षांच्या एका आजींच्या घरी असंच झालं. आजींना मधुमेह आहे. लघवीला जळजळ होत होती, सारखं उठावं लागत होतं, ताप मात्र नव्हता. रिपोर्ट येईपर्यंत डॉक्टरांनी सेफिक्सिम सुरू केलं होतं.

रिपोर्टच्या वरच्या भागात जंतूचं नाव होतं, ई. कोलाय. तो आपल्या आतड्यात असतोच, मूत्रमार्गात शिरला की त्रास देतो. शेजारी त्याची संख्या होती, एका मिलिलिटरला एक लाखाहून जास्त. त्याखाली तक्ता. सिप्रोफ्लॉक्सासिन, सेफिक्सिम, सेफ्ट्रिॲक्सोन आणि को-ट्रायमोक्सॅझोलपुढे ‘आर’. नायट्रोफ्युरंटॉइन, फॉस्फोमायसिन, अमिकासिन आणि मेरोपेनेमपुढे ‘एस’.

मुलगा म्हणाला, “म्हणजे आईच्या अंगाला औषधं लागूच पडत नाहीत का?” सुनेची काळजी उलटी होती, “नायट्रोफ्युरंटॉइनला आई सेन्सिटिव्ह आहेत असं लिहिलंय. मग ते कसं द्यायचं?”

तिचं चुकलं नव्हतं. ‘मला हे औषध सेन्सिटिव्ह आहे’ असं आपण म्हणतो ते ॲलर्जीबद्दल. रिपोर्टमधला ‘एस’ मात्र जंतूबद्दल बोलतो: हा जंतू या औषधाला दबतो. ‘आर’ म्हणजे दाद देत नाही. आजींच्या शरीराबद्दल त्या तक्त्यात काहीही नाही. त्यांना एखाद्या औषधाची ॲलर्जी असेल तर ती या कागदावर कधीच दिसणार नाही. ती डॉक्टरांना आपणच सांगायची.

तक्ता कसा तयार होतो हे कळलं की बरीच भीती जाते. लघवीचा थेंब जंतूंच्या खाद्यावर पसरून उबेत ठेवतात. दुसऱ्या दिवशी त्यावर ठिपक्यांसारख्या वसाहती दिसतात. त्यातला जंतू घेऊन त्याच्यासमोर एकेक औषध ठेवतात आणि कोणत्या औषधाजवळ तो वाढत नाही ते पाहतात. म्हणून रिपोर्टला दोन-तीन दिवस लागतात. आजींच्या तक्त्यात सेफिक्सिम आणि सेफ्ट्रिॲक्सोन दोन्ही ‘आर’ होते, पण ती एकाच कुळातली औषधं आहेत. ती मोडून टाकणारं द्रव्य जंतू बनवू लागला की दोन्ही एकदम निकामी होऊ शकतात. चार ‘आर’ म्हणजे चार वेगळी संकटं नव्हेत.

मग मुलानं आकड्यांवर बोट ठेवलं. अमिकासिनपुढे ≤2, नायट्रोफ्युरंटॉइनपुढे ≤16. “दोनवालं जास्त चांगलं ना?” नाही. जंतूची वाढ थांबवायला किमान किती औषध लागतं, त्याचा तो आकडा. प्रत्येक औषधाची मर्यादा वेगळी असते, म्हणून आकडे एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात. 5 मिलिग्रॅमची रक्तदाबाची गोळी आणि 500 मिलिग्रॅमची पॅरासिटामॉल यांत कोणती ‘जास्त’ असं आपण विचारत नाही, तसंच हे. एखाद्या ओळीत ‘आय’ असेल तर ते औषध नेहमीच्या डोसनं पुरेलच असं नाही. ते वापरायचं की नाही हे डॉक्टर संसर्गाची जागा आणि डोस पाहून ठरवतात.

चार ‘एस’ होते, मग मेरोपेनेम का नाही? ते शिरेतून देतात, आणि गंभीर संसर्गासाठी ते राखून ठेवावं लागतं. अमिकासिनही इंजेक्शन, शिवाय मूत्रपिंड आणि कान यांना जपून द्यावं लागतं. आजींचा त्रास मूत्राशयापुरता होता. नायट्रोफ्युरंटॉइन रक्तात थोडंच राहतं, लघवीत साठतं. इथे नेमकं तेच हवं होतं. पण मूत्रपिंडं बरीच थकलेली असतील तर ते लघवीत पुरेसं उतरत नाही, म्हणून डॉक्टरांनी आधी क्रिएटिनिन पाहिलं. ते ठीक होतं. सेफिक्सिम थांबलं आणि पाच दिवसांचं नायट्रोफ्युरंटॉइन सुरू झालं, दोन्ही वेळा जेवणाबरोबर. लघवी गडद पिवळी किंवा तपकिरी दिसली तर घाबरू नका, हेही घरच्यांना सांगितलं.

आजींना थंडी वाजून ताप आला असता, कुशीत दुखलं असतं, तर कागद हाच आणि ‘एस’ही तोच असता, पण नायट्रोफ्युरंटॉइन चाललं नसतं. मूत्रपिंडाच्या मांसात आणि रक्तात ते पुरेसं पोचत नाही. तेव्हा इंजेक्शनंच लागली असती. ही गोष्ट तक्ता सांगत नाही, म्हणून ताप, उलट्या किंवा गुंगी असेल तर ते फोनवर सगळ्यात आधी सांगायचं.

घरच्यांनी शेवटी विचारलं, बरं वाटल्यावर पुन्हा कल्चर करायचं का? त्रास थांबला असेल तर साधारणपणे गरज नसते. मधुमेह असलेल्या वयस्क बाईंच्या लघवीत त्रास नसतानाही जंतू सापडू शकतात, आणि मूत्रमार्गाची शस्त्रक्रिया ठरलेली असण्यासारखं कारण नसेल तर त्यांच्यासाठी औषध देत नाहीत. हा रिपोर्ट मात्र फाईलमध्ये ठेवायचा. पुन्हा जळजळ झाली तर नवा रिपोर्ट येईपर्यंत कोणती गोळी टाळायची, हे डॉक्टरांना त्यावरून ठरवता येतं.