दुधाचं ऑडिट फॅटच्या किलोत

आजवर गोदामं, पगारपत्रकं आणि बँकखाती तपासलेल्या अंतर्गत लेखापरीक्षकाला एखाद्या दूध संघाने सांगितलं, ‘या वेळी दूध संकलनाचं ऑडिट करा,’ तर त्याचा हात आधी जुन्या फायलीकडे जातो. तिथे खरेदीच्या ऑडिटचा कार्यक्रम तयारच असतो. बिलं तपासा, दर मंजूर आहे का पाहा, सह्या पाहा, रक्कम बरोबर खात्यात गेली का पाहा. हा कार्यक्रम दूध संकलनाला लावला की बहुधा सगळं ठीक निघतं, आणि खरा धोका तिथेच आहे. दुधाचं बिल लिटर, फॅट आणि एसएनएफ या तीन आकड्यांवर बनतं. एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधात उरणारे घन पदार्थ. हे तीन आकडे चुकीचे असले तरी पुढचा गुणाकार बरोबर येतो, सही बरोबर असते आणि पैसे योग्य खात्यात जातात. चूक बिल बनण्याआधीच, मापाच्या काट्यावर आणि फॅट मोजणाऱ्या यंत्रात घडून गेलेली असते.

ऑडिटचा कार्यक्रम म्हणजे काय तपासायचं, कशासाठी, कसं आणि किती, याचा लेखी आराखडा. तो काम सुरू होण्याआधी वरिष्ठांनी मंजूर करावा, अशी अंतर्गत लेखापरीक्षणाच्या आंतरराष्ट्रीय मानकांची अपेक्षा आहे. ओळखीच्या विषयात तो तासाभरात लिहून होतो. अनोळखी विषयात मात्र माझं मत ठाम आहे: आधी एक सकाळ संकलन केंद्रावर उभं राहावं, आणि तोवर कार्यक्रमाची एकही ओळ लिहू नये.

त्या सकाळी एकाच शेतकऱ्याच्या किटलीमागे जायचं. किटलीतलं दूध ढवळलं गेलं का? साय वर येते, त्यामुळे न ढवळता वरून नमुना घेतला तर फॅट जास्त लागतं आणि तळातून घेतला तर कमी. नमुना यंत्रात गेला की आकडा आपोआप संगणकात उतरतो, की कोणी टाइप करतं? काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का आहे का? नमुन्याचं उरलेलं दूध शेतकऱ्याला परत जातं, की बाजूच्या बादलीत पडतं? हा शेवटचा प्रश्न क्षुल्लक वाटतो. पण दोनशे सभासद, दोन वेळा आणि प्रत्येकी पन्नास मिलिलिटर नमुना धरला तर दिवसाला वीस लिटर दूध होतं, आणि त्याचं बिल कोणालाच लागत नाही. सगळ्यात उपयोगी प्रश्न मात्र यंत्र बंद पडतं तेव्हाचा. ‘अहो, लाइट गेली की हातानं आकडा टाकतो, दुसरं काय करणार?’ असं उत्तर आलं की कार्यक्रमातली एक महत्त्वाची तपासणी सापडली. नेहमीचा रस्ता बंद असताना लोक ज्या वाटेने जातात, ती वाट कागदावरच्या कार्यपद्धतीत क्वचितच असते.

आता उद्दिष्ट. ‘दूध संकलनाच्या व्यवस्थेचा आढावा घेणे’ हे उद्दिष्ट नव्हे, कारण याला हो किंवा नाही असं उत्तरच नाही. उद्दिष्ट असं लिहावं: ‘शेतकऱ्याला दिलेले पैसे त्याने घातलेल्या दुधाच्या मापाला आणि प्रतीला धरून आहेत का, आणि पैसे दिलेलं सगळं दूध संघाच्या डेअरीत पोहोचलं का?’ हे दोन प्रश्न झाले, आणि एका ऑडिटला दोन पुरेत. जनावरांचा विमा, पशुखाद्याची विक्री, सभासदांची नोंदणी हे विषय मोह घालतात. ते या वेळी बाहेर ठेवले आहेत, असं कार्यक्रमात स्पष्ट लिहावं, नाहीतर चार दिवसांचं काम चौदा विषयांवर पसरतं.

जोखीम लिहिताना नवखा माणूस ‘फसवणूक होऊ शकते’ असं लिहितो. त्यावरून कोणती तपासणी करावी हे कोणालाच सांगता येणार नाही. कारण, घटना आणि परिणाम एकाच वाक्यात आले की तपासणी आपोआप सुचू लागते: ‘यंत्र बंद असताना केंद्रचालक फॅट हाताने भरू शकतो आणि त्यावर दुसऱ्या कोणाची नजर नसते. त्यामुळे ठरावीक सभासदांचं फॅट चढवून त्यांना जादा पैसे जाऊ शकतात.’ या वाक्यातच पुराव्याचा पत्ता आहे. हाताने भरलेल्या नोंदी, त्या कोणाच्या नावावर पडल्या आणि त्या दिवशी खरंच वीज गेली होती का, हे तीन कागद एकमेकांना लावून पाहायचे.

अनोळखी क्षेत्रात मी आणखी एक गोष्ट शोधतो. या धंद्यात असा कोणता आकडा आहे, जो तोंडी खुलाशाने बदलत नाही? दुधात तो म्हणजे फॅटचे किलो. दूध गार केलं, टँकरमध्ये भरलं, चाळीस किलोमीटर नेलं, तरी आतलं फॅट वाटेत नाहीसं होत नाही. थोडं भांड्यांना आणि नळ्यांना चिकटतं, तेवढीच घट. म्हणून गावात विकत घेतलेलं फॅट आणि डेअरीत उतरलेलं फॅट यांचा किलोत ताळा घालता येतो. एसएनएफचाही तसाच घालता येतो.

उदाहरणासाठी आकडे घेऊ. एका शीतकरण केंद्राने दिवसभरात गाईचं १०,००० लिटर दूध घेतलं. दुधाची घनता साधारण १.०३ धरली तर वजन १०,३०० किलो. संकलनाच्या नोंदीत सरासरी फॅट ३.८ आणि एसएनएफ ८.६ टक्के. म्हणजे पैसे ३९१.४ किलो फॅटचे आणि ८८५.८ किलो एसएनएफचे दिले गेले. डेअरीच्या काट्यावर टँकरमधलं दूध भरलं १०,२८० किलो. तिथल्या प्रयोगशाळेत फॅट ३.६ आणि एसएनएफ ८.६ लागलं. म्हणजे उतरलं ३७०.१ किलो फॅट आणि ८८४.१ किलो एसएनएफ. वजनात घट अवघी वीस किलो, म्हणून लिटरचा ताळा पाहणारा निर्धास्त राहील. एसएनएफही वजनाच्या प्रमाणातच घटलं आहे. पण फॅट एकवीस किलोंनी, म्हणजे पाच टक्क्यांहून जास्त तुटलं आहे.

हा नमुना बरंच बोलतो. कोणी दूध काढून घेऊन तेवढं पाणी घातलं असतं, तर फॅट आणि एसएनएफ दोन्ही सारख्याच प्रमाणात उतरले असते. इथे एसएनएफ जागेवर आहे, म्हणून पाण्याचा संशय मागे पडतो. उरतात तीन शक्यता. गावात फॅट चढवून लिहिलं गेलं, वाटेत साय काढली गेली, किंवा डेअरीत टँकर न ढवळता खालच्या नळातून नमुना घेतला गेला. यातली तिसरी शक्यता आधी तपासावी, असा माझा आग्रह आहे. ती सगळ्यात स्वस्तात तपासता येते, आणि ती खरी निघाली तर गावातल्या माणसांवर विनाकारण आळ येत नाही. टँकर नीट ढवळल्याआधी आणि ढवळल्यानंतर असे दोन नमुने घ्यायचे आणि दोन्हींचं फॅट पाहायचं, एवढंच काम.

आता तपासणीची ओळ कशी लिहायची ते पाहू. ‘फॅटच्या नोंदी तपासा’ ही ओळ दोन लेखापरीक्षकांना दिली तर दोन वेगळी कामं होतील. त्याऐवजी लिहावं: ‘गेल्या तीन महिन्यांच्या संकलन नोंदींमधून हाताने भरलेल्या सर्व नोंदी वेगळ्या काढा. प्रत्येक सभासदाचं हातनोंदीतलं सरासरी फॅट त्याच्याच यंत्रनोंदीतल्या सरासरीशी ताडून पाहा. ज्यांचा फरक ०.३ टक्क्यांहून जास्त आहे, अशांची यादी करा आणि त्या वेळचा वीजखंड किंवा यंत्रदुरुस्तीचा पुरावा मागा.’ इथे ०.३ ही मर्यादा आधीच ठरवून लिहिली आहे. निकाल पाहून मर्यादा ठरवली तर आवडता माणूस तिच्या आत बसतो. मर्यादा ठरवताना प्रयोगशाळेतल्या केमिस्टशी बोलावं लागतं, कारण दुधाचं स्वतःचं असं एक चढउतार असतं. संध्याकाळच्या दुधाला सकाळच्यापेक्षा सहसा जास्त फॅट लागतं, कारण दोन धारांमधलं अंतर कमी असतं. हे माहीत नसलेला लेखापरीक्षक रोज संध्याकाळी घोटाळा पकडेल. उलट दिशेची खूणही आहे. एखाद्या सभासदाचं फॅट महिनाभर रोज हुबेहूब ३.५ असेल, तर चौकशी हवी, कारण गाय इतकी नेमकी नसते. महाराष्ट्रात गाईच्या दुधाचा दर बहुधा ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरून ठरतो. त्यामुळे या रेषेच्या अगदी वर आणि अगदी खाली किती नोंदी पडतात, हेही मोजून पाहण्यासारखं असतं.

फॅटच्या किलोंचा ताळा इतका भक्कम असला तरी त्याच्या मर्यादा लिहून ठेवायला हव्यात. तो बेरजेवर चालतो. केंद्रचालकाने दहा जणांचं फॅट उतरवून दोघांचं चढवलं, तर केंद्राची बेरीज तशीच राहील आणि ताळा जुळेल. बादलीत जमलेलं नमुन्याचं दूध टँकरमध्ये ओतलं, तर ते घट झाकून टाकेल. म्हणून वाढ दिसली तरीही ती घटीइतकीच तपासायची, असं कार्यक्रमात लिहावं. आणि शेतकऱ्यावरचा अन्याय शोधायचा तर ताळ्याने भागत नाही. तिथे न कळवता केंद्रावर जावं लागतं, आणि दूध यंत्रावर मोजून झालं की लगेच तोच नमुना वेगळ्या बाटलीत घ्यावा लागतो. तो दुसऱ्या प्रयोगशाळेत गर्बर पद्धतीने तपासायचा. सल्फ्युरिक आम्ल आणि अमाइल अल्कोहोल घातलेल्या ब्युटिरोमीटरमध्ये फॅट वेगळं होऊन वर येतं आणि काचेवरच्या रेघांवर वाचता येतं. ही पद्धत नीट केली की यंत्राच्या आकड्याला स्वतंत्र साक्षीदार मिळतो. वीस सभासदांचे नमुने घेतले तर त्यांत मोठे आणि लहान उत्पादक दोन्ही असावेत, आणि निवड केंद्रचालकाने नव्हे, यादीवरून लेखापरीक्षकाने करावी.

कार्यक्रम मंजूर झाल्यावरही तो थोडा बदलतो, आणि तो बदल लिहून ठेवायचा असतो. समजा, वरच्या उदाहरणात टँकर ढवळून घेतलेल्या नमुन्याचं फॅट ३.७७ लागलं. आता घट चार किलोंच्या आत आली आणि गावातल्या हातनोंदींवरचं काम निम्म्याने कमी करता येतं. त्याऐवजी एक नवी जोखीम उभी राहिली. डेअरीत टँकर न ढवळता नमुना घेतला जात असेल, तर ज्या केंद्रांचे पैसे टँकरच्या नमुन्यावर ठरतात त्यांना रोज कमी पैसे मिळत असावेत. ही जोखीम पहिल्या कार्यक्रमात नव्हती. ती आता कारण, घटना आणि परिणाम या तिन्हींसह त्यात लिहायची, वरिष्ठांची सही पुन्हा घ्यायची आणि गेल्या दहा दिवसांच्या बिलापासून तपासणी सुरू करायची.