विजेचं चिन्ह दिसतं, मग टक्के का वाढत नाहीत?

आयपीएलचा एक सामना साडेतीन-चार तास चालतो. नाणेफेकीच्या वेळी फोन ३० टक्क्यांवर आहे, म्हणून चार्जर लावून तो उशीला टेकवून ठेवला. एवढ्या वेळात दोनदा भरायला हवा. सामना संपल्यावर पाहिलं तर ७० टक्के. शेजारी मुलगा त्याच वेळी गेम खेळत होता; त्याचाही फोन चार्जरला होता, कोपऱ्यात विजेचं चिन्ह होतं, आणि त्याचे टक्के उलट दोन-चारने खाली आले होते. लगेच दोष बॅटरीला जातो. कुणी म्हणतं बदलून घ्या, कुणी म्हणतं ही कंपनीच तसली. बहुतेक वेळा बॅटरी ठणठणीत असते. आत किती वीज आली आणि किती खर्च झाली, एवढंच पाहिलेलं नसतं.

चार्जरची वीज सगळी बॅटरीत जाते, असा आपला समज असतो. आजच्या फोनमध्ये तसं होत नाही. आत आलेल्या विजेतून आधी चालू फोनची गरज भागवली जाते: पडदा, प्रोसेसर, नेटवर्क. त्यातून उरेल ते बॅटरीत. पगारातून आधी घरखर्च आणि उरलं तर बँकेत, तसा हा हिशेब आहे. खर्च पगारापेक्षा जास्त झाला तर बँकेतून काढावे लागतात, तसंच इथेही होतं. चार्जर जोडलेला असतानाच बॅटरी आपल्याकडची वीज फोनला देऊ लागते. विजेचं चिन्ह मात्र तसंच राहतं, कारण ते फक्त ‘चार्जर जोडलेला आहे’ इतकंच सांगत असतं.

आता आकडे घालून पाहू. आज सर्रास मिळणाऱ्या फोनची बॅटरी ५००० एमएएचची असते. तिचा व्होल्टेज सरासरी ३.८५ धरला तर तिच्यात साधारण १९ वॉट-तास वीज मावते. म्हणजे एक वॉटचा खर्च १९ तास चालेल इतकी. घरात पडलेला जुना चार्जर हातात घ्या. त्यावर बारीक अक्षरांत ‘आउटपुट’ म्हणून ५ व्होल्ट, २ अँपिअर छापलेलं असतं. गुणाकार केला की १० वॉट. त्यातले दीडेक वॉट व्होल्टेज बदलण्यात आणि वाटेत उष्णता होऊन जातात. हाताशी राहतात साधारण साडेआठ.

हा फोन २० टक्क्यांवरून ८० टक्क्यांपर्यंत न्यायचा म्हणजे साडेअकरा वॉट-तासांच्या आसपास वीज आत घालायची. पडदा बंद असेल तर फोनचा स्वतःचा खर्च नगण्य असतो आणि हे काम सव्वा तास ते दीड तासात उरकतं. घरच्या वायफायवर व्हिडिओ लावला की खर्च होतो सुमारे २ वॉट. बॅटरीसाठी साडेसहा उरतात आणि वेळ पावणेदोन तासांवर जातो. इथवर फार तक्रार करण्यासारखं नाही. पण भरपूर ग्राफिक्स असलेला, नेटवरचा गेम सुरू केला की खर्च सहज ५ वॉटवर जातो. बॅटरीच्या वाट्याला साडेतीन वॉट येतात आणि तेच ६० टक्के भरायला सव्वातीन तास लागतात. चार्जर तोच, बॅटरीही तीच. हे आकडे फोनागणिक थोडे पुढे-मागे होतील, पण प्रमाण साधारण असंच राहतं.

व्हिडिओ आणि गेम यांच्यात इतका फरक का, हे सांगायला हवं, कारण पडदा तर दोन्ही वेळा चालूच असतो. व्हिडिओ उलगडण्यासाठी प्रोसेसरच्या चिपमध्येच एक वेगळा भाग असतो. तो तेवढं एकच काम करतो आणि फार कमी विजेत करतो, त्यामुळे व्हिडिओ पाहताना मोठा खर्च पडद्याच्या उजेडाचाच असतो. गेममध्ये आधीपासून तयार असलेलं काहीच नसतं. तुम्ही बोट कुठे फिरवाल ते फोनला ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक दृश्य त्या क्षणी आकडेमोड करून रंगवावं लागतं. सेकंदाला ६० वेळा, काही फोनवर १२० वेळा. ग्राफिक्सचा भाग, मुख्य प्रोसेसर, मेमरी, नेटवर्क सगळे एकाच वेळी कामाला लागतात. वायफाय सोडून मोबाइल डेटावर आलात आणि त्यातही सिग्नल कमकुवत असला, तर टॉवरपर्यंत पोचण्यासाठी फोनला जास्त जोर लावून प्रक्षेपण करावं लागतं, तो खर्च निराळा. खेड्यात गेल्यावर फोन ‘लवकर उतरतो’ यात तथ्य आहे.

एवढं होऊनही १० वॉटच्या चार्जरवर टक्के वाढायलाच हवेत, मग त्या मुलाचे खाली का आले? इथे जिच्यावर कुणी संशय घेत नाही ती गोष्ट येते: केबल. स्वस्त, लांब केबलमधल्या तांब्याच्या तारा केसासारख्या बारीक असतात आणि बारीक तारेचा विद्युतरोध जास्त. जाणारी आणि येणारी तार मिळून तो अर्धा ओहम असला आणि त्यातून २ अँपिअर न्यायचे म्हटलं, तर वाटेतच एक व्होल्ट पडतो. चार्जरमधून निघालेले ५ व्होल्ट फोनपाशी ४ होऊन पोचणार. इतक्या कमी व्होल्टेजवर फोनमधली चार्जिंगची चिप नीट काम करू शकत नाही, म्हणून व्होल्टेज घसरताना दिसला की ती स्वतःच प्रवाह कमी करते, घसरण थांबेपर्यंत. शेवटी २ अँपिअरऐवजी एकच घेते. चार्जरवर १० वॉट छापलेले, पोचतात ५ च्या आत-बाहेर.

त्यातून तूट वजा जाता सव्वाचार वॉट धरा. सामना पाहणाऱ्याचे २ वॉट खर्च झाले, सव्वादोन उरले. तासाला १२ टक्के, म्हणजे साडेतीन तासांत ४०. म्हणून ३० वरून ७०. मुलाच्या गेमला ५ वॉट हवेत आणि येतात सव्वाचार, म्हणून पाऊण वॉट बॅटरीतून जातात आणि दर तासाला चार टक्के कमी होतात. लॅपटॉपच्या जुन्या यूएसबी खाचेत केबल खोचली तर याहून वाईट. तिथे नियमानुसार ५ व्होल्टवर अर्धाच अँपिअर, अडीच वॉट. तेवढ्यात व्हिडिओ जेमतेम चालतो.

हे तपासणं अवघड नाही. केबल आणि फोन यांच्यामध्ये बसणारा छोटा यूएसबी मीटर मिळतो. तो व्होल्ट आणि अँपिअर दाखवतो. तो फोनच्या बाजूला लावा, चार्जरच्या बाजूला लावलात तर केबलमधली तूट त्याला दिसणारच नाही. दुसरीकडे अँड्रॉइडवर बॅटरीत प्रत्यक्ष किती प्रवाह जातो ते दाखवणारी अ‍ॅप आहेत. समजा मीटर साडेनऊ वॉट दाखवतोय आणि अ‍ॅप म्हणतंय, बॅटरीत जातात ८५० मिलिअँपिअर, म्हणजे ३.९ व्होल्टवर सव्वातीन वॉट. मधले सव्वासहा फोनने खाल्ले किंवा वाटेत गेले. गेम बंद करून पडदा मिटवा, मिनिटभराने पाहा: मीटर जवळपास तिथेच, अ‍ॅपचा आकडा २००० च्या वर गेलेला. असं झालं तर चार्जर, केबल, बॅटरी तिन्ही निर्दोष. मीटरवरच ५ वॉटचा आकडा असेल तर आधी केबल बदलून पाहा.

‘माझा चार्जर तर ६७ वॉटचा आहे’ असं म्हणणाऱ्यांची तक्रार वेगळी. त्यांच्याकडे यायला वीज भरपूर असते, पण ती घेणं फोनला परवडत नाही. अडचण उष्णतेची. बॅटरीला स्वतःचाही थोडा रोध असतो आणि त्यातली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह तिप्पट झाला की उष्णता नऊपट. शिवाय गेमने खर्चलेल्या ५ वॉटची शेवटी जवळजवळ सगळी उष्णताच होते, आणि ती बाहेर टाकायला बहुतेक फोनमध्ये पंखा नसतो. असते फक्त काच, धातू आणि वर आपण हौसेने घातलेलं जाड कव्हर. लिथियम-आयन बॅटरी ४५ अंशांच्या वर चार्ज करणं सहसा टाळलं जातं. त्याच्या कितीतरी आधीपासून फोन चार्जिंगचा प्रवाह टप्प्याटप्प्याने कमी करत येतो. काही फोन तर तापण्याची वाटही पाहत नाहीत, पडदा उघडला की लगेच वेग उतरवतात. आयफोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरावा, असं अ‍ॅपल सांगते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे दुपारी ही मर्यादा फोन सुरू करण्याआधीच ओलांडलेली असते.

दोन कारणं ओळखायची खूण अशी. केबल किंवा चार्जर कमजोर असेल तर वेग पहिल्या मिनिटापासूनच कमी असतो. उष्णतेमुळे असेल तर सुरुवात झपाट्याने होते आणि दहा-पंधरा मिनिटांत वेग बसतो. कव्हर काढून फोन पंख्याखाली धरला की पुन्हा वाढतो. आणि फक्त ८० टक्क्यांच्या पुढेच सावकाश होत असेल, तर यातलं काहीच नाही. भरत आलेल्या बॅटरीला प्रवाह मुद्दाम कमी दिला जातो, पडदा मिटलेला असला तरी.

काही फोनमध्ये आता याच्याही पुढची सोय आहे. गेम चालू असताना चार्जरची वीज थेट फोनला द्यायची आणि बॅटरीला मध्ये आणायचंच नाही. सॅमसंगच्या काही मॉडेलांत गेम बूस्टरमध्ये Pause USB Power Delivery नावाचा पर्याय असतो, तो हाच. बॅटरीतला प्रवाह थांबल्यामुळे तिची उष्णता कमी होते आणि गेमही अडखळत नाही. मात्र घरातल्या दुसऱ्या कुणी हा पर्याय चालू करून ठेवला असेल आणि तुम्हाला माहीत नसेल, तर चार्जर लावूनही तासभर ६२ चे ६२ टक्केच दिसतील, आणि त्या दिवशी दुरुस्तीवाल्याकडे धावण्याआधी तो पर्याय बंद करून पाहावा.