सुती कपड्यावरचा डाग आणि घड्याळाचा काटा

पांढऱ्या सुती सदऱ्यावर आमटीचा ओघळ पडला की स्टेन रिमूव्हरची बाटली हाताशी घेतली जाते. डागावर फवारा मारायचा, सदरा बादलीत टाकायचा आणि सकाळी बघायचं, अशी अनेक घरांतली रीत आहे. सकाळी डाग थोडा फिकटलेला असतो, पण त्याभोवती एक कडा उमटलेली असते. मग दोष औषधाला दिला जातो. खरी चूक बहुतेक वेळा वेळेच्या हिशेबात झालेली असते.

गैरसमज: जितका जास्त वेळ ठेवावं, तितका डाग जातो.

वस्तुस्थिती: औषध ओलं आहे तोवरच काम करतं. स्प्रेमधले साबणासारखे घटक तेलाला धाग्यापासून सोडवतात, तर एन्झाइम डाळीतली प्रथिनं आणि पिष्ट यांचे तुकडे करतात. या दोन्ही कामांना पाणी लागतं. सुती धागा पाणी भराभर शोषतो आणि कडेकडेला पसरवतो. त्या पाण्याबरोबर सुटलेला मळही बाहेर सरकतो आणि पाणी उडून गेलं की कडेला साचतो. सकाळी दिसणारी कडा तीच. औषधात हायड्रोजन पेरॉक्साइड असेल, तर वाळताना ते अधिक तीव्र होतं आणि रंगीत कपड्याचा रंगही खाऊ शकतं.

म्हणून पांढऱ्या सुती कपड्यावर स्प्रे साधारण पाच ते दहा मिनिटं ठेवावा. गडद रंगावर पाच मिनिटं पुरेत, तीही आधी आतल्या शिवणीवर थेंब लावून रंग सुटत नाही ना, हे पाहिल्यावर. बाटलीवर वेगळी वेळ लिहिली असेल तर तीच पाळावी. डाग उरला तर वेळ वाढवण्यापेक्षा कपडा खळबळून दुसऱ्यांदा स्प्रे मारणं फायद्याचं ठरतं.

गैरसमज: स्टिक म्हणजे घट्ट केलेला स्प्रेच.

वस्तुस्थिती: साबणाच्या कांडीसारखी, डागावर घासायची स्टिक मुद्दाम वेगळी बनवलेली असते. तिच्यात पाणी कमी असल्याने ती पसरत नाही आणि डागाला चिकटून राहते. त्यामुळे अशा काही स्टिकच्या वेष्टनावर आठवडाभर ठेवण्याची मुभा दिलेली असते. वसतिगृहात राहणाऱ्या किंवा प्रवासात असणाऱ्या माणसाला ती सोयीची, कारण डाग आज पडतो आणि धुणं रविवारी होतं. मात्र पर्समध्ये मावणाऱ्या पेनाला हा नियम लावू नये. त्यात पातळ द्रव असतो आणि काही पेनांत पेरॉक्साइडही असतं. त्याची वेळ त्याच्या वेष्टनावरूनच ठरवावी.

गैरसमज: हळदीचा डाग लाल झाला, म्हणजे कपडा वाया गेला.

वस्तुस्थिती: हळदीतलं कर्क्युमिन अल्कलीत तांबडं होतं. साबण किंवा पावडर अल्कधर्मी असते, म्हणून रंग बदलतो. साबण निघून गेला की तो पुन्हा पिवळा होतो.

आमटीच्या त्या सदऱ्याचं काम मग असं करावं. आधी चमच्याच्या कडेने वरचा ऐवज उचलायचा. मग कापड उलटं करून मागच्या बाजूने थंड पाण्याची धार सोडायची, म्हणजे डाग आल्या वाटेने बाहेर पडतो. गरम पाणी इथे टाळावं, कारण उष्णतेने प्रथिनं धाग्यात घट्ट बसतात. जास्तीचं पाणी पिळून स्प्रे मारायचा, बोटाने हलकेच चोळायचं आणि दहा मिनिटांच्या आत नेहमीसारखं धुवायचं. तेल आणि डाळ निघते, पण पिवळी झाक उरू शकते. ती उन्हात वाळवल्यावर फिकी पडते, कारण कर्क्युमिन प्रकाशाने विरतं. पांढऱ्या सुतीला हे ऊन चालतं. रंगीत कपड्याचा मात्र मूळ रंगही त्यात उतरू शकतो.

गैरसमज: ओला कपडा स्वच्छ दिसला, म्हणजे डाग गेला.

वस्तुस्थिती: ओल्या सुती कापडावर तेलाचा डाग लपतो. कपडा वाळला की गडद ठिपका पुन्हा दिसतो. म्हणून इस्त्री फिरवण्याआधी वाळलेला कपडा उजेडात धरून पाहावा. इस्त्रीच्या उष्णतेने उरलेला डाग पक्का होतो आणि मग स्प्रे किंवा स्टिक फारशी उपयोगी पडत नाही.

गंजाच्या डागावर मात्र पेरॉक्साइड असलेलं औषध पाच मिनिटंही ठेवू नये. लोखंडाच्या संपर्कात पेरॉक्साइडची क्रिया भडकते, ती सुती धाग्यातल्या सेल्युलोजलाच तोडते आणि दोन-तीन धुण्यांत त्या जागी भोक पडू शकतं. तारेच्या किंवा खिळ्याच्या अशा तपकिरी खुणेसाठी गंज काढण्याचं वेगळं औषध मिळतं.