एकाच बँकेची ठेव आणि शेअर

चि. निखिल,


ताई फोनवर म्हणाली की, तुझ्या एफडीची मुदत भरत आलीय आणि ते पैसे काढून तू त्याच बँकेचे शेअर घेणार आहेस. 'बँक तीच, मग फरक काय?' असं तुझं म्हणणं. काउंटरवर हा प्रश्न मला कितीतरी जणांनी विचारलाय.

ठेव ठेवलीस म्हणजे तू बँकेला पैसे उसने दिलेस. दर आणि तारीख पावतीवर छापलेली. १ लाख रुपये ५ वर्षांसाठी ७ टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने ठेवलेस तर १,४१,४७८ रुपये होतात. त्यावरचा आयकर वेगळा. बँकेला बक्कळ नफा झाला तरी यात एक रुपयाची भर पडत नाही. शेअर घेतलास की मात्र तू मालकांपैकी एक. त्याला दर नाही, तारीख नाही. सगळ्यांची देणी भागवून उरेल त्यात तुझा वाटा. पैसे हवे झाले तर बँक शेअर परत घेत नाही, बाजारात कुणी देईल त्या भावाला विकावा लागतो.

एरवी हे कागदावरचंच वाटतं. बँक बुडायला आली की खरं कळतं. लक्ष्मी विलास बँकेचं बघ. बुडीत कर्जांनी भांडवल खाऊन टाकलं आणि नोव्हेंबर २०२० मध्ये सरकारने व्यवहारांवर निर्बंध घातले. ठेवीदाराला २५ हजारांपर्यंतच काढता येत होते. २७ नोव्हेंबरला ती डीबीएस बँक इंडियात विलीन झाली, निर्बंध उठले आणि ठेवी जशाच्या तशा नव्या बँकेकडे गेल्या. शेअरधारकांचं काय? विलीनीकरणाच्या योजनेत संपूर्ण भागभांडवल रद्द केलं. बदल्यात नवे शेअर नाहीत, पैसे नाहीत. एकाच घरात त्या बँकेची एफडी आणि शेअर दोन्ही असतील, तर एक कागद शाबूत राहिला आणि दुसरा शून्य झाला.

म्हणून एफडी म्हणजे दगडावरची रेघ, असंही मी म्हणणार नाही. आपल्याकडची पीएमसी बँक आठव. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला खात्यातून हजारच रुपये काढता येत होते. ठेवींना विमा असतो, पण तो एका बँकेत एका ठेवीदाराला, सगळ्या शाखा आणि व्याज धरून, ५ लाखांपर्यंतच; तोही फेब्रुवारी २०२० पासून, आधी १ लाखच होता. पीएमसीत त्याहून जास्त रक्कम असलेल्यांना हप्ते बांधून दिले, शेवटचा १० वर्षांनी. घेणेकऱ्याचे पैसे असे अडकतात. पण त्याचा हक्क निदान रांगेत पुढे असतो, मालकाचा सगळ्यात मागे.

शेअर घेऊच नकोस असं नाही. वाढत्या बँकेचा फायदा मालकालाच मिळतो, ठेवीदाराला नाही. पण या पैशांतून पुढच्या वर्षी फ्लॅटचा हप्ता भरायचाय, असं ताई म्हणाली. ते खरं असेल तर एफडीच पुढे चालू ठेव. आणि आहे त्या पावतीवर 'ऑटो रिन्यूअल' आहे का ते आधी बघ. असेल तर जुनी मुदत तशीच पुन्हा लागेल, आणि मग मधेच मोडलीस तर व्याज कापतील.

तुझा,
मामा