अडतीस टनांची वाटणी

पुण्यातली एक साधी इमारत घेऊ. चार मजले, प्रत्येकी ३ मीटर उंचीचे, म्हणजे गच्चीपर्यंत एकूण १२ मीटर. लांबी १६ मीटर, रुंदी १२ मीटर. आरसीसीचे कॉलम आणि बीम, मध्ये विटांच्या भिंती. भूकंप आला तर या इमारतीवर किती जोर येईल आणि तो कुठल्या मजल्यावर किती असेल? हा हिशेब आराखड्यातले पहिले गज ठरण्याआधीच करावा लागतो. त्याची सर्वांत जुनी आणि सोपी रीत म्हणजे हादऱ्याच्या जागी तेवढ्याच परिणामाचा एक स्थिर आडवा जोर धरणे. इटलीत १९०८ मध्ये मेसिना शहर भूकंपात कोसळल्यावर तिथल्या अभियंत्यांनी ही वाट धरली. इमारतीच्या वजनाचा ठरावीक हिस्सा आडवा लावायचा आणि ती तो पेलते का ते पाहायचे.

आडव्या जोराचा वजनाशी संबंध का? भूकंपात इमारतीला बाहेरून कोणी ढकलत नाही. जमीन झटकन बाजूला सरकते, पाया तिच्याबरोबर जातो, वरचे वजन मात्र जागच्या जागी राहू पाहते. एसटी अचानक सुटली की उभा प्रवासी मागे झुकतो, तसेच हे. जितके वजन जास्त, तितका हा ओढा जास्त. सगळ्या मजल्यांवरचा असा ओढा मिळून पायाशी जो एकूण आडवा जोर येतो, त्याला अभियंते ‘बेस शिअर’ म्हणतात.

म्हणून आधी वजन. स्लॅब, बीम, कॉलम, भिंती, फरशी हे सगळे धरून आपल्या खालच्या तीन स्लॅबांच्या पातळीवर प्रत्येकी २५० टन येते असे समजू. यात माणसे आणि सामान यांच्यासाठी धरलेल्या भाराचा फक्त पाव हिस्सा येतो, कारण भूकंपाच्या क्षणी सगळी घरे भरलेली असतील असे नाही. गच्चीवर तो भार धरत नाहीत आणि भिंतींचा वाटाही अर्धाच येतो, म्हणून तिथे २०० टन. एकूण ९५० टन.

आता या वजनाचा किती टक्के हिस्सा आडवा लावायचा? आयएस १८९३ या भारतीय मानकाची २०१६ ची आवृत्ती चार गोष्टी विचारते. पहिली, जागा. त्या आवृत्तीच्या नकाशात पुणे तिसऱ्या विभागात आहे, त्याचा आकडा ०.१६, गणितात त्याचा निम्मा, ०.०८ घेतात. दुसरी, महत्त्व. रुग्णालयाला १.५, आपल्या छोट्या निवासी इमारतीला १. तिसरी, इमारत एकदा डोलायला किती वेळ घेते. भिंती असलेल्या सांगाड्यासाठी उंचीला ०.०९ ने गुणून, हादऱ्याच्या दिशेतल्या लांबीच्या वर्गमुळाने भागायचे. लांबीच्या दिशेने उत्तर येते ०.२७ सेकंद. इतक्या चटकन डोलणाऱ्या इमारतीला जमिनीच्या हालचालीचा जोर अडीचपट होऊन भिडतो, म्हणून २.५. रुंदीच्या दिशेने ०.३१ सेकंद येतात, तिथेही हाच आकडा.

चौथी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आलेल्या जोराला चक्क ५ ने भागायचे. म्हणजे ०.०८ गुणिले २.५ भागिले ५: ०.०४. वजनाचे चार टक्के. ९५० टनांचे चार टक्के म्हणजे ३८ टन. हा आपला बेस शिअर.

हा ५ ने भागाकार फुकटची सवलत नाही. मोठ्या भूकंपात इमारतीवर ३८ टनांपेक्षा कितीतरी जास्त जोर येणार, हे मानकाला माहीत आहे. अपेक्षा अशी की तेव्हा बीमच्या टोकांशी गज ताणले जातील, काँक्रीटला तडे जातील, पण सांगाडा उभा राहील आणि ऊर्जा त्या वाकण्यात जिरेल. त्यासाठी आयएस १३९२० प्रमाणे कॉलमच्या रिंगा टोकांजवळ दाट हव्यात आणि त्यांचे हूक १३५ अंशांत आत वळवलेले हवेत. हूक ९० अंशांवरच ठेवले तर काँक्रीटचे कव्हर उडताच रिंग उघडते. मग कागदावर ५ ने भागलेला जोर खऱ्या इमारतीला परत भरावा लागतो.

आता या ३८ टनांची मजल्यांवर वाटणी. डोलताना तळ जवळपास जागेवर असतो आणि गच्ची सर्वांत जास्त फिरते, म्हणून वरच्या वजनाला झटका मोठा बसतो. आपले मानक प्रत्येक मजल्याच्या वजनाला त्याच्या उंचीच्या वर्गाने गुणते आणि त्या प्रमाणात जोर वाटते. आपले मजले समान उंचीचे असल्याने १, ४, ९ आणि १६ हे गुणक पुरतात. गुणाकार येतात २५०, १०००, २२५० आणि ३२००, बेरीज ६७००. त्या प्रमाणात पहिल्या स्लॅबला १.४ टन, दुसऱ्याला ५.७, तिसऱ्याला १२.८ आणि गच्चीला १८.२ टन. सर्वांत हलकी असूनही गच्ची जवळपास निम्मा जोर घेते. अमेरिकी मानक इतक्या बुटक्या इमारतीला उंचीचा वर्ग न घेता नुसती उंची घेते. त्या हिशेबाने गच्चीला सुमारे १३ टन येतील. आपली रीत वरच्या मजल्यांबाबत जास्त सावध आहे, आणि मला ती सावधगिरी योग्य वाटते.

कॉलमांच्या बाबतीत मात्र चित्र उलटे होते. सर्वांत वरच्या मजल्याचे कॉलम १८.२ टन पेलतात, त्याखालचे ३०.९, मग ३६.६ आणि तळमजल्याचे पूर्ण ३८. आपल्याकडे नेमक्या त्याच मजल्यावर पार्किंगसाठी भिंती गाळतात. वरचे मजले भिंतींमुळे ताठ, खालचा मोकळा; सगळे डोलणे त्या एका मजल्याच्या कॉलमांत एकवटते. २००१ च्या भूजच्या भूकंपात केंद्रापासून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असलेल्या अहमदाबादमध्ये अशा मोकळ्या तळमजल्याच्या अनेक इमारती बसल्या. वाटणीचे सूत्र हा धोका दाखवत नाही, कारण ताठपणा तळापासून वरपर्यंत साधारण सारखा आहे असे ते गृहीत धरते. म्हणूनच २०१६ च्या मानकानुसार पुण्यातल्या इमारतीला डायनॅमिक विश्लेषणही लागते. पण त्यातून ३८ टनांपेक्षा कमी आकडा आला तर तो वाढवून ३८ वर आणावा लागतो. सोप्या रीतीचा आकडा असा किमान मर्यादा म्हणून टिकून राहतो.

शेवटी एक प्रसंग, जो गावोगावी घडतो. याच इमारतीवर पाचवा मजला चढवला. एकूण वजन १२०० टन झाले, बेस शिअर ४८ टन. वाढ सव्वापट, फार वाटत नाही. पण नवी वाटणी केली तर गच्चीला १९.२ टन येतात, तेही आता १५ मीटरवर, आणि तिच्याखालच्या स्लॅबला १५.४. इमारत उलथवू पाहणारा एकूण परिणाम आधी ३७१ टन-मीटर होता, तो ५७६ होतो. दीडपटीहून जास्त. हा भार तळमजल्याच्या कडेच्या कॉलमांवर एका बाजूला दाब आणि दुसऱ्या बाजूला ओढ म्हणून येतो, आणि ते कॉलम व त्यांचे पाये ३७१ च्या हिशेबाने बांधलेले असतात. तुमच्या सोसायटीत वाढीव मजल्याचा ठराव आला, तर ‘पाया मजबूत आहे’ एवढ्यावर सही करू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून दोन्ही वेळचा बेस शिअर आणि त्याची मजलावार वाटणी लेखी मागा.