दोन ओळी लिहून द्याल का?

“काम छान झालं, दोन ओळी लिहून द्या ना,” म्हटलं की ग्राहक आनंदाने हो म्हणतो आणि ते राहूनच जातं. मनात नसतं असं नाही. काय लिहावं हेच सुचत नाही.

स्वयंपाकघर नव्याने करून देणाऱ्या डिझायनरचं उदाहरण घेऊ. ओटा वापरात येऊन आठवडा-दोन आठवडे झाले की तिने व्हॉट्सॲपवर तीनच प्रश्न पाठवावेत: आधी अडचण काय होती? काम देताना कसली धाकधूक होती? आता रोज काय सोपं झालं?

उत्तर बोलून पाठवलं तरी चालेल, हेही कळवावं.

“डबे शोधायला आता खाली वाकावं लागत नाही,” असं उत्तर आलं, तर ते ग्राहकाच्याच शब्दांत उतरवून मंजुरीसाठी परत पाठवावं. नाव छापायचं की नाही, हेही तेव्हाच विचारावं.