रविवारचा भाव

डिसेंबर 2023 मधला पहिला रविवार. सकाळी दुसऱ्या चहाच्या वेळी धाकट्या बहिणीचा फोन आला. भाचीचं लग्न माघात ठरलेलं होतं आणि पाच तोळे घ्यायचे राहिले होते. "दादा, कालपासून भाव एका रुपयानंही हलला नाही. आता चढायचा थांबला असेल ना?" पाठोपाठ मेहुण्यांनी फोन घेतला. त्यांची तक्रार वेगळीच होती. "बाजार बंद आहे म्हणता, मग आमचा सराफ कालच्यापेक्षा वर का सांगतोय? आणि बुकिंग करायचं म्हटलं तर म्हणतो, भाव उद्याचा लागेल!"

तीस-पस्तीस वर्षं बँकेत काढल्यावर माणूस निवृत्त होतो, पण नातेवाइकांच्या लेखी त्याचं काउंटर कधी बंद होत नाही. मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

भाव हलला नाही, कारण तो हलवायला कोणी जागेवरच नव्हतं. सोन्याचा जागतिक बाजार शुक्रवारी न्यूयॉर्कच्या संध्याकाळी पाच वाजता बंद होतो आणि रविवारी तिथल्या संध्याकाळी सहाला उघडतो. हिवाळ्यात आपल्याकडे त्या वेळी अनुक्रमे शनिवारची पहाट साडेतीन आणि सोमवारची पहाट साडेचार झालेली असते. उन्हाळ्यात दोन्ही वेळा तासभर अलीकडे येतात. मधले एकोणपन्नास तास जो आकडा आपण पाहतो, तो शुक्रवारच्या शेवटच्या सौद्याचा असतो. तो आजचा भाव नव्हे, परवाच्या भावाचा फोटो आहे. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून वेळ थांबत नाही, तसंच हे.

कारण सौदे थांबले तरी बातम्या थांबत नाहीत. त्या शुक्रवारी अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष जेरोम पॉवेल यांचं भाषण झालं होतं आणि व्याजदर आता उतरणार, असं लोकांनी मनाशी धरलं होतं. सोनं 2070 डॉलरच्या थोडं वर, त्या वेळच्या विक्रमावर बंद झालं. रविवारी तांबड्या समुद्रात व्यापारी जहाजांवर हल्ले झाल्याची बातमी आली. ज्यांना सोनं घ्यावंसं वाटत होतं त्यांची इच्छा दोन दिवस साचत होती आणि ज्यांना विकायचं होतं ते आणखी वरच्या भावाची वाट पाहू लागले होते.

मेहुण्यांच्या सराफाचं कोडं इथेच सुटतं. त्यानं रविवारी पाच तोळे विकले, तर तेवढंच सोनं पुन्हा भरून ठेवायला त्याला सोमवार उजाडावा लागणार. त्या सोमवारी भाव कुठे उघडेल हे त्याला ठाऊक नाही. म्हणून तो विकण्याचा भाव थोडा वर ठेवतो आणि मोड घेण्याचा थोडा खाली. त्या फरकात त्याच्या रात्रभराच्या काळजीची किंमत असते. आपला सराफ प्रामाणिक आहे की नाही, हे एवढ्यावरून ठरवू नये. मात्र रविवारी त्याला दोन्ही भाव विचारावेत. फरक रोजच्यापेक्षा फार रुंद असेल, तर त्या काळजीचे पैसे आपण भरतो आहोत एवढं समजावं.

सोमवारी सकाळी सात वाजता पुन्हा फोन. "दादा, सोनं 2135 वर गेलं! दुकान उघडल्याबरोबर घेऊन टाकू का?"

बातमी खरी होती. बाजार उघडल्यानंतर थोड्याच वेळात भाव साठेक डॉलरनं उसळला होता. औंस म्हणजे 31.1 ग्रॅम, डॉलर तेव्हा 83 रुपयांच्या वर होता. चौसष्ट डॉलरची उडी म्हणजे आपल्या दहा ग्रॅमला सतराशे रुपये आणि त्या वेळचं पंधरा टक्के आयातशुल्क धरलं तर जवळजवळ दोन हजार. पाच तोळ्यांचे दहा हजार रुपये, तेही रात्रीतून! तिचा जीव वरखाली होणं साहजिक होतं.

मी तिला एकच विचारलं, "हा भाव ठरला तेव्हा जागं कोण होतं?" पहाटे साडेचारला लंडनमध्ये रात्रीचे अकरा वाजलेले असतात आणि सोन्याचा सर्वांत मोठा रोखीचा व्यवहार तर लंडनचा. शांघाय उघडायला दोन तास, मुंबईला साडेचार. जागे असतात ते सिडनी, टोकियोकडचे थोडे व्यापारी. साचलेले खरेदीदार एकदम दारात आणि समोर विकणारे मूठभर. शुक्रवारच्या आणि सोमवारच्या पहिल्या आकड्यांमध्ये जी फट दिसते, तिच्यातल्या किमतींना एकही सौदा झालेला नसतो. भाव पायऱ्या चढून गेलेला नसतो. मधल्या पायऱ्यांवर विकायला कोणी उभंच नव्हतं. आणि दार उघडल्यावरही गर्दी विरळ असली, की थोड्याशा मागणीनं तो आणखी वर फेकला जातो.

आपला मुंबईचा वायदेबाजार नऊ वाजता उघडला तेव्हा उसळीतली बरीच हवा गेली होती. तरीही तिथे शुक्रवारपेक्षा वरच सुरुवात झाली आणि 64 हजारांपलीकडचा तेव्हाचा विक्रम नोंदला गेला. मग लंडन जागं झालं, न्यूयॉर्क जागं झालं, विकणारे आले. त्या दिवसाअखेर सोनं 2030 डॉलरच्या आसपास, म्हणजे शुक्रवारच्याही खाली होतं. पहाटेच्या आकड्यापासून शंभर डॉलर खाली!

बहिणीनं मंगळवारी सोनं घेतलं. घरात माझं कौतुक झालं आणि ते ऐकून मी जरा घाबरलोच. कारण "फट पडली की ती भरतेच" असा नियम सांगणारे पुष्कळ भेटतात आणि तो नियम खरा नाही. दोनच महिने आधी, 7 ऑक्टोबर 2023 च्या शनिवारी, हमासनं इस्रायलवर हल्ला केला. शुक्रवारी 1830 च्या आसपास बंद झालेलं सोनं सोमवारी 1850 च्या आसपास गेलं आणि महिनाअखेर दोन हजार ओलांडून गेलं. त्या सोमवारी जो "उतरेल, मग घेऊ" म्हणून थांबला, त्याला भाव खाली आलेला दिसला नाही. ऑक्टोबरमध्ये फटीमागे खरीखुरी, न मिटणारी घटना होती. डिसेंबरमध्ये बरीचशी अपेक्षा होती आणि उरलेली विरळ गर्दी. पण हे नीट कळतं ते नंतर. सकाळी सात वाजता दोन्ही फटी सारख्याच दिसतात.

एक फट मात्र आधी कळण्यासारखी असते. धुळवडीला आपला वायदेबाजार सकाळी बंद असतो आणि संध्याकाळी उघडतो. जगाचा बाजार मात्र चालूच असतो. अशा वेळी संध्याकाळी जो धक्का बसतो, त्याचा आकडा परदेशात दुपारीच छापलेला असतो. गुड फ्रायडेला उलट लंडन-न्यूयॉर्कच बंद, त्यामुळे तेव्हा कोणाकडे पाहून अंदाज बांधायची सोय नसते.

बँकेत सोनेतारणाची किंमत ठरवताना एका सकाळच्या आकड्यावर विसंबायचं नाही, हे आम्ही शिकलो होतो. रिझर्व्ह बँकेच्या 2025 च्या निर्देशांत तर मागच्या तीस दिवसांची सरासरी आणि आदल्या दिवसाचा बंद भाव, यांतला कमी असेल तो धरायला सांगितलं आहे. घरच्या खरेदीला एवढा हिशेब नको. सोमवारची दुपार होऊ द्यावी, लंडन उघडू द्यावं, मग जो भाव असेल तो निदान पुष्कळ लोकांनी मिळून ठरवलेला असतो. तो कमी असेल असं वचन मी बहिणीलाही दिलं नव्हतं.

तिला ते पटलं. मेहुण्यांना अजून वाटतं, की मला आतली बातमी होती.